शोकपत्र इंग्रजीतून मराठीत आणायचंय, रविवारी कार्यक्रम आहे

बालाघाटी
मंडळी, घाईचं आहे म्हणून थेट सांगतो. आमच्या शेजारच्या मावशींचा मुलगा इंग्लंडमध्ये दवाखान्यात नर्स होता. वय चौतीस. रात्रपाळीत ड्यूटीवरच अचानक कोसळला आणि गेला. त्याला अंबाजोगाईला आणून सगळं झालं. आता त्याच्या वॉर्डच्या मुख्य सिस्टरचं मावशींच्या नावाने इंग्रजी पत्र आलंय. मावशींना मराठी सावकाश वाचता येतं, इंग्रजी नाही. रविवारी घरी कार्यक्रम आहे, तिथे हे पत्र मोठ्याने वाचून दाखवावं असं त्यांच्या सुनेचं म्हणणं आहे.

पत्रातला मजकूर असा. आधी दुःख व्यक्त केलंय. मग तो कोसळला तेव्हा सोबतचे लोक जवळ होते, एका सिस्टरने शेवटपर्यंत त्याचा हात धरला होता. मग तो कसा होता ते. एक म्हातारे पेशंट त्याची पाळी कधी लागते याची वाट बघायचे, आणि तो आईकडची कसली तरी लाल शेंगदाण्याची पूड आणि आईने शिकवलेली तिखट पोळी करून सगळ्यांना खाऊ घालायचा. पुढे तिने चर्चमध्ये मेणबत्ती लावून देवाजवळ त्याच्यासाठी आणि घरच्यांसाठी प्रार्थना केली असं आहे. मग पेन्शन, विमा आणि सामान याबद्दल एक परिच्छेद. शेवटी काही लागलं तर सांगा.

कोर्टाजवळच्या एका टायपिंगवाल्याकडून त्यांच्या पाहुण्यांनी भाषांतर करून आणलंय. सुरुवात खाली देतो. मला हे वाचवत नाही, पण नेमकं काय बदलायचं ते कळेना.

> प्रिय श्रीमती ___, आपले चिरंजीव ___ यांच्या आकस्मिक मृत्यूबाबत ऐकून मी अत्यंत दुःखी आहे. आपल्या नुकसानीबद्दल मी क्षमस्व आहे. मयत हे आमच्या संघाचे मौल्यवान सदस्य होते. मयत हे रात्रपाळीत कोसळले त्यावेळी सहकारी उपस्थित होते. ते मातेने बनविलेली लाल शेंगदाणा पूड व मसालेदार सपाट पोळी सामायिक करीत. आमचे विचार आणि प्रार्थना आपल्यासोबत आहेत. कोणत्याही मदतीसाठी संपर्क साधण्यास संकोच करू नये.

परळी_जंक्शन
फार वाईट झालं. आमच्याकडे फ्लेक्स छापतात, त्यांचा मजकूर ठरलेला असतो. वर फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मग ‘काळाने अचानक घाला घातला अन् आमचा आधारवड उन्मळून पडला’, आणि खाली शोकाकुल म्हणून समस्त मित्रपरिवार, गावकरी मंडळी. चौकात लावायला हेच बरं दिसतं. साइज सांगा, मॅटर पूर्ण करून देतो.

बालाघाटी
दादा, बॅनर नकोय. पत्र आहे, एका बाईने एका आईला लिहिलेलं. तेच मराठीत हवंय.

नांदेड_दक्षिण
टायपिंगवाल्याचं फारच कोरडं झालंय. शोकपत्राची आपली एक रीत आहे, ती धरली की आपोआप नीट होतं. मी असं लिहीन:

> आपले सुपुत्र कै. ___ यांच्या दुःखद निधनाची वार्ता ऐकून अंतःकरण विदीर्ण झाले. क्रूर काळाने झडप घालून एक उमलते फूल खुडून नेले. त्यांच्या जाण्याने कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व आपणांस हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.

पाकिटावर मावशींच्या नावाआधी गं. भा. लिहा. आणि एक, असं पत्र घरात ठेवत नाहीत. वाचून झालं की फाडून टाकायचं.

टपालवाली
मी खेड्यातल्या पोस्टात नोकरी केली. तेव्हा लोकांची पत्रं वाचून द्यायची आणि लिहून द्यायची वेळ रोजच यायची, त्यात अशीही असायची. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी टायपिंगवाल्याचा मसुदा. त्याचा हात कोर्टाच्या कागदांवर बसलेला आहे, म्हणून ‘मयत’ आलंय. ‘मयत’ पंचनाम्यात, वारस नोंदीत, बँकेच्या अर्जात चालतं. त्या घराने गेल्या काही दिवसांत हा शब्द पोलिसांच्या आणि दवाखान्याच्या कागदांवर पुरेसा वाचला असेल. सांत्वनाच्या पत्रात तो एकदाही येऊ नये. जिथे जिथे ‘मयत’ आहे तिथे त्याचं नाव घाला. इंग्रजी पत्रात ती बाई त्याला नावानेच म्हणत असणार.

‘चिरंजीव’ तर काढाच. लग्नपत्रिकेत आणि अर्जात मुलाला सहज चिरंजीव म्हणतो, अर्थाकडे आपलं लक्ष नसतं. पण गेलेल्या मुलाच्या आईसमोर तो शब्द मोठ्याने वाचला गेला तर तिला तो लागल्याशिवाय राहणार नाही. साधं ‘तुमचा मुलगा’ लिहा.

‘आपल्या नुकसानीबद्दल मी क्षमस्व आहे’ हे वाक्य सगळ्यात घातक आहे. इंग्रजीत ‘सॉरी फॉर युवर लॉस’ म्हणजे निव्वळ हळहळ. मराठीत नुकसान गारपिटीने होतं, बोंडअळीने होतं आणि त्याची भरपाई मागता येते. आणि क्षमा तो मागतो ज्याच्या हातून काही घडलं. हे पत्र त्याच्या कामाच्या ठिकाणाहून आलंय, मृत्यूही तिथेच ड्यूटीवर झालाय. वाचून दाखवताना दहा जण ऐकणार. त्यातला कोणीतरी म्हणणारच की बघा, दवाखान्याने माफी मागितली, म्हणजे त्यांचीच काहीतरी चूक होती. त्या बिचारीने तसं काही लिहिलेलं नाही. तिथे ‘फार मोठा धक्का बसला’, ‘काय लिहावं सुचत नाही’ असं काहीतरी हवं.

आता नांदेड_दक्षिण यांचा मसुदा. भाषा आपली आहे, ओघ आहे. पण त्यात त्या सिस्टरचं काहीच उरलं नाही. हात धरल्याचं गेलं, म्हाताऱ्या पेशंटचं गेलं, चटणीचं गेलं. फूल खुडलं आणि पोकळी निर्माण झाली हे कोणालाही, कोणाबद्दलही लिहिता येतं. आईला हवं असतं ते तिच्या नजरेआड मुलाचे दिवस कसे गेले आणि शेवटी त्याच्याजवळ कोण होतं, हे. रिवाजाचं एखादं वाक्य सुरुवातीला आणि एखादं शेवटी असावं, नाहीतर पत्र परकं वाटतं. मधला भाग त्या बाईचाच राहू द्या.

पाकिटावर गं. भा. नको. २०२३ साली विधवांसाठी तो शब्द सरकारी पातळीवर वापरायचा विषय निघाला तेव्हा किती विरोध झाला ते आठवा. शिवाय त्या घरात सूनही आत्ताच विधवा झालीय. ‘श्रीमती’ पुरे. फाडून टाकण्याची रीत होती ती मृत्यूची बातमी देणाऱ्या कार्डाची. अशा कार्डाचा कोपराच फाडलेला असायचा, हातात आल्याबरोबर कळायचं. सांत्वनाचं पत्र घरात ठेवायला काही हरकत नाही. त्यावर ‘श्री’ मात्र घालत नाहीत.

एक विचारते. घर कोणत्या परंपरेचं आहे? ते कळल्याशिवाय शेवटचं वाक्य लिहिता येणार नाही.

बालाघाटी
ताई, हे मी आधीच सांगायला हवं होतं. घर बौद्ध आहे. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, भन्तेजी येणार आहेत.

नांदेड_दक्षिण
मग ‘कै.’ काढा, बरोबर आहे, कैलासवासी म्हणता येणार नाही. ‘निधन’ऐवजी ‘महापरिनिर्वाण झाले’ लिहा. बौद्धांमध्ये तसंच म्हणतात ना?

पैठणगेट
नाही दादा. महापरिनिर्वाण तथागतांचं. आणि ६ डिसेंबरला आपण बाबासाहेबांसाठी तो शब्द वापरतो. आमच्या घरी आजोबा गेले तेव्हा पत्रिकेत ‘कालकथित’ छापलं होतं, नावाच्या आधी. आमच्याकडे तोच शब्द चालतो, शेजारीपाजारीही आता तोच वापरतात. आजोबा मिलिंद कॉलेजचे, त्यांना स्वतःला हा शब्द फार योग्य वाटायचा.

मोठी अडचण ‘मृतात्म्यास शांती’ची आहे. बुद्धाच्या शिकवणीत आत्माच मानलेला नाही, तर शांती कोणाला देणार? आणि १९५६ च्या धम्मदीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञा ज्या घरात भिंतीवर लावलेल्या असतात तिथे ‘ईश्वरचरणी प्रार्थना’ हे घरच्यांच्या तोंडी घालणं म्हणजे त्यांना न विचारता त्यांचा धर्म बदलणं झालं. लोक मुद्दाम करत नाहीत, तोंडात बसलेलं असतं म्हणून येतं. पण आमच्या घरी असे मेसेज आले तेव्हा वडील गप्प होऊन फोन बाजूला ठेवायचे, हे मी बघितलंय.

श्रद्धांजलीऐवजी आमच्यात ‘आदरांजली’ लिहितात. ते मात्र घरोघर थोडं वेगळं असतं, सुनेला विचारून घ्या.

मांजराकाठ
पैठणगेट यांच्याशी सहमत, आणि मी अजून एक पाऊल पुढे जाईन. त्या बाईने चर्चमध्ये प्रार्थना केल्याचं वाक्यच घेऊ नका. त्याच्या जागी ‘अनिच्चा वत संखारा’ ही गाथा टाका. कार्यक्रमात भन्तेजी तीच म्हणणार आहेत, पत्र आणि वंदना एकमेकांत मिसळून जातील. भाषांतर म्हणजे समोरच्याच्या घरात शोभेल असं करणं. मावशींना देवाची प्रार्थना ऐकवून काय मिळणार?

टपालवाली
मांजराकाठ, इथे माझं मत वेगळं आहे. गाथा फार सुंदर आहे, पण ती त्या सिस्टरला ठाऊक नाही. तिच्या नावाने ती लिहिली तर पत्र खोटं होईल. उद्या ती बाई फोनवर बोलली, नातवाने मोठा होऊन मूळ पत्र वाचलं, तर?

मी असा फरक करते. रिवाजाचे शब्द ज्या घरात पत्र वाचलं जाणार त्या घराचे असावेत. ‘कालकथित’ त्यात आलं, ‘आत्म्यास शांती’ नको हे त्यात आलं. पण जिने पत्र लिहिलं तिने काय केलं आणि ती काय मानते, हे तिचंच राहिलं पाहिजे. तिने चर्चमध्ये मेणबत्ती लावली ही घडलेली गोष्ट आहे. ती तशीच सांगायची, फक्त ‘मी माझ्या श्रद्धेप्रमाणे’ असं स्पष्ट म्हणायचं. मग ती तिची राहते, घरच्यांवर लादली जात नाही.

पैठणगेट
मला ताईंचं पटतं. दुसऱ्याने आपल्या श्रद्धेने आमच्या माणसासाठी काही केलं तर आम्हाला वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं. शेजारच्या भाभींनी आजोबांसाठी दुआ केली होती, ती आजीने कितीदा तरी सांगितली. खुपतं ते ‘ईश्वर आपल्या आत्म्यास’ असं, जणू आमचंही तेच मत आहे. आणि मेणबत्ती तर आम्हीही लावतो, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे. मावशींना ते लगेच समजेल.

मांजराकाठ
ठीक, पण ‘देवाजवळ’ हा शब्द तरी गाळा. माझा आग्रह राहील.

उदगीरचा
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या साहेबांचे वडील वारले, लिंगायत आहेत. ऑफिसमधून पत्र द्यायचंय, एकाने ‘स्वर्गवासी’ लिहिलंय. चालेल का?

टपालवाली
लिंगायत घरांत ‘लिंगैक्य झाले’ म्हणतात, काही जण ‘शिवैक्य’. अंत्यविधीला दहन नाही, दफन असतं, त्यामुळे ‘अग्नी दिला’, ‘अस्थी’ वगैरे शब्द येऊ देऊ नका. आमच्या पोस्टात एकदा त्यावरून घरचे दुखावलेले मी पाहिलेत. ‘स्वर्गवासी’ने कोणी भांडणार नाही, पण ‘लिंगैक्य’ लिहिलंत तर तुम्ही विचारपूस केलीत हे त्यांना कळेल.

बालाघाटी
कालपासून दोन-तीन गोष्टी करून आलो.

सुनेला भेटलो. लाल शेंगदाणा पूड म्हणजे शेंगदाण्याची चटणी. मावशी खलबत्त्यात कुटून, डब्यात दाबून भरून द्यायच्या, दरवेळी जाताना. आणि मसालेदार सपाट पोळी म्हणजे धपाटे. तो तिथे स्वतः करायचा. ज्वारीचं पीठ मिळायला अडचण व्हायची, मिळालं की रविवारी थापायचा. सून म्हणाली, ते धपाटे आहेत हे त्या बाईंना सांगून सांगून थकला असेल.

दुसरं, ‘तो’ की ‘ते’. मावशी त्याला ‘तो’ म्हणतात अर्थातच. मला वाटत होतं आईला लिहिताना ‘तो’च बरा. पण सून म्हणाली, भाऊजी, कार्यक्रमात सगळी भावकी असणार, त्याच्या साहेबीणबाईंचं पत्र आहे, त्यात ‘ते’ असू द्या. तिच्या आवाजावरून मला पुढे काही बोलता आलं नाही.

तिसरं, पेन्शन आणि विम्याच्या परिच्छेदाचं. तो सगळ्यांसमोर वाचला तर त्याच क्षणी पैशाची चर्चा सुरू होईल. गाळायचा अधिकार मला नाही, म्हणून त्या सिस्टरला ईमेल करून विचारलं की हा भाग वेगळ्या कागदावर सुनेच्या नावे देऊ का. लगेच उत्तर आलं, जरूर द्या, मला सुचलं नाही. प्रार्थनेबद्दलही विचारलं. ती म्हणाली, मी केलं ते मी लिहिलं, पण कोणाला दुखावू नका, तुम्हाला तिथलं जास्त कळतं. म्हणजे निर्णय परत आपल्यावरच.

टपालवाली
विचारलंत ते फार बरं केलंत. भाषांतर करणाऱ्याने परिच्छेद परस्पर गाळला असता तर सुनेला पैशांचे कागद कुठे आहेत हे कळलंच नसतं.

हा घ्या मसुदा. मोठ्याने वाचायचाय म्हणून वाक्यं छोटी ठेवली आहेत. तुमच्या सांगण्यावरून मजकूर घेतलाय, मूळ पत्राशी एकदा ओळ न ओळ ताडून बघा.

> आदरणीय ___बाई,
>
> सविनय नमस्कार.
>
> तुमचा मुलगा आणि आमचे सहकारी कालकथित ___ यांच्या अचानक जाण्याने आम्हा सगळ्यांना फार मोठा धक्का बसला आहे. तुमच्यावर आणि तुमच्या घरावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे. त्यापुढे माझे शब्द अपुरे आहेत, हे मी जाणते.
>
> त्या रात्री ते ड्यूटीवर असताना एकाएकी कोसळले. तुम्हाला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. त्या वेळी ते एकटे नव्हते. त्यांच्याबरोबर रोज काम करणारी माणसं त्यांच्याजवळ होती. आमच्यातल्या एका सिस्टरने शेवटपर्यंत त्यांचा हात हातात धरून ठेवला होता.
>
> आमच्या वॉर्डात एक वयस्कर गृहस्थ आहेत. ___ यांची पाळी कधी आहे, हे ते रोज विचारायचे. तुमचा मुलगा त्यांच्याशी घाईने कधी बोलला नाही. आम्हा सगळ्यांनाही त्यांनी आपलंसं केलं होतं. तुम्ही दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि तुम्ही शिकवलेले धपाटे ते आमच्यासाठी करून आणायचे. त्यामुळे तुम्हाला कधी भेटले नसले, तरी तुमच्या हातची चव मला माहीत आहे.
>
> मी आमच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी मेणबत्ती लावली. माझ्या श्रद्धेप्रमाणे त्यांच्यासाठी आणि तुम्हा सगळ्यांसाठी देवाजवळ प्रार्थना केली. हे दुःख सोसण्याचं बळ तुम्हाला मिळो.
>
> त्यांच्या सामानाचं आणि कागदपत्रांचं मी स्वतः बघते आहे. त्याबद्दल वेगळं लिहिलं आहे. आणखी काही विचारावंसं वाटलं, तर कधीही कळवा.
>
> तुमच्या दुःखात सहभागी,
> ___

दोन-तीन ठिकाणी मुद्दाम असं लिहिलंय. ‘प्रिय श्रीमती’ नको, कारण आपल्याकडे वडीलधाऱ्या बाईला ‘प्रिय’ म्हणून कोणी परकं माणूस लिहीत नाही. नावापुढे ‘बाई’ लावलं की आपल्या भागात मान आपोआप येतो. ‘आई’ लिहायचा मोह झाला होता, पण ती बाई मावशींना कधी भेटलेली नाही. ‘जयभीम’ही तिच्या तोंडी घातला नाही. ‘नमस्कार’ दोघींनाही चालेल.

‘एकटे नव्हते’च्या आसपास एकही सजवलेला शब्द ठेवला नाही. तिथे क्रूर काळ वगैरे आला की ऐकणाऱ्याचं लक्ष त्याच्याकडे जातं. वाचणाऱ्याला सांगा, त्या ओळीनंतर थोडं थांबायचं.

‘आमचे विचार आणि प्रार्थना तुमच्यासोबत’ हे गाळलेलं नाही, ते ‘दुःखात सहभागी’मध्ये आलंय. आपण तेच तसं म्हणतो. आणि ‘आपली विश्वासू’ हे अर्जाचं असतं, ते शेवटी येऊ देऊ नका.

पैठणगेट
ताई, छान उतरलंय. एक सुचवतो. सून ‘ते’ म्हणाली म्हणून बाकी सगळीकडे ‘ते’ बरोबर, पण ‘तुमचा मुलगा त्यांच्याशी घाईने कधी बोलला नाही’ हे एकेरी तसंच राहू द्या. तिथे ‘तुमचे सुपुत्र बोलले नाहीत’ केलं तर सगळा ओलावा जाईल. एका पत्रात दोन्ही आलं म्हणून व्याकरणवाले नाक मुरडतील, मुरडू द्या.

आणि ‘दुःखाचा डोंगर’ असू द्या, वापरून झिजलेलं असलं तरी. आमच्याकडे सांत्वनाला येणारं प्रत्येक माणूस काहीतरी ठरलेलं बोलतं, तेवढ्या शब्दांचा आधार लागतो. एकही ओळखीचं वाक्य नसेल तर ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांना ते शोकपत्र वाटणारच नाही.

नांदेड_दक्षिण
मान्य. माझ्या मसुद्यात शब्दच शब्द झाले होते. पण ‘जाण्याने’ऐवजी ‘निधनाने’ हवं. भन्तेजी, सरपंच, भावकी सगळे असणार. कार्यक्रमात ‘जाणं’ फार घरगुती वाटतं.

टपालवाली
हे दोन्ही चालेल. वाचणारा कोण आहे त्यावर ठरवा. शाळेतले गुरुजी वाचणार असतील तर ‘निधनाने’ त्यांच्या तोंडी सहज येईल. सून वाचणार असेल तर ‘जाण्याने’ राहू द्या.

मांजराकाठ
मी माझ्या मतावर कायम आहे. ‘देवाजवळ’ काढून नुसतं ‘प्रार्थना केली’ ठेवलं तर त्या बाईचंही काही बिघडत नाही आणि कोणाच्या भुवयाही वर जात नाहीत. तुम्ही म्हणता तिची श्रद्धा जपली पाहिजे, मी म्हणतो ज्याच्या घरी मयत झालंय त्याला आधी जपा.

पैठणगेट
बालाघाटी, शेवटी सुनेला दोन्ही वाचून दाखवा आणि ती म्हणेल तसं करा. घर तिचं आहे.

बालाघाटी
रविवारचं सांगतो. सुनेने ‘देवाजवळ’ ठेवायला सांगितलं. म्हणाली, ती बाई नाताळात ह्यांना घरी जेवायला बोलवायची, तिचं मन आहे ते. वाचायला गुरुजी होते, म्हणून ‘निधनाने’ केलं. एका काकांनी नंतर देवाच्या ओळीबद्दल विचारलंच, मांजराकाठ म्हणतात तसं. भन्तेजींनी त्यांना सांगितलं की ती मैत्रीभावना आहे, तिच्या भाषेत. काकांचं समाधान झालं की नाही, सांगता येत नाही.

पैशाच्या कागदाचं वेगळं भाषांतर सुनेकडे दिलं. मूळ इंग्रजी पत्र आणि मराठी पत्र दोन्ही एका पाकिटात ठेवलीत.

आता नवीन काम निघालंय. मावशींनी विचारलं, हात धरणाऱ्या सिस्टरचं नाव काय आणि ती कोणाची कोण. त्यांना तिला पत्र पाठवायचंय. मला लिहून घ्यायला बसवलं. पहिलं वाक्य सांगितलं ते असं, ‘माय, तू माझ्या लेकराजवळ व्हतीस, तुझे उपकार मी कशानं फेडू.’ आता हे इंग्रजीत कसं न्यायचं? ‘थँक यू’ लिहिलं तर मावशी जे म्हणाल्या त्यातलं काहीच पोचत नाही. आणि ती सिस्टर वयाने मावशींच्या मुलीसारखी, तिला ‘माय’ म्हटलेलं तिला कसं कळणार?

टपालवाली
मावशी बोलतील ते सगळं आधी जसंच्या तसं लिहून घ्या, त्यांच्याच बोलीत, मध्ये काही सुधारू नका. ‘व्हतीस’चं ‘होतीस’सुद्धा करू नका. पूर्ण झालं की इथे टाका. ‘माय’ इंग्रजीत तसाच ठेवून बाजूला एक ओळ लिहिता येईल की आमच्या भागात म्हाताऱ्या बायका लेकीला मायेने असं म्हणतात. ‘उपकार कशानं फेडू’चं मला अजून सुचलेलं नाही. पैठणगेट, तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, तुम्ही बघता का?

पैठणगेट
बघतो. सगळं पत्र आल्यावर बघतो, एकट्या वाक्यावरून नको. सिस्टरचं नाव इथे टाकू नका, मला निरोपात पाठवा.